आईच्या शेअर्सचं मत मी देऊ शकतो का? नोटिशीत प्रॉक्सीचा फॉर्मच नाही

ओंकार_दुपारचा
मंडळी, एक प्रश्न आहे. आईच्या नावावर एका लिस्टेड कंपनीचे ६०० शेअर्स आहेत, डिमॅटमध्ये. पहिलं नाव तिचं, दुसरं माझं. कंपनीची वार्षिक सभा १८ तारखेला, गुरुवारी सकाळी ११ वाजता, तीही व्हिडिओवर. विषयपत्रिकेत एक विशेष ठराव आहे: नफा अपुरा असूनही व्यवस्थापकीय संचालकांचं मानधन वाढवायचं. आईचा त्याला ठाम विरोध आहे. "नफा नाही तर वाढ कसली?" हे तिचं म्हणणं.

तिला लॅपटॉपवर दोन तास बसणं जमणार नाही. पूर्वी नोटिशीबरोबर प्रॉक्सीचा फॉर्म यायचा, ती सही करून कोणाला तरी पाठवायची. या वेळी फॉर्मच नाही. सोबत तीन-चार पानं ई-व्होटिंगच्या सूचना आहेत, त्या वाचून डोकं गरगरलं. तिच्या वतीने मी मत देऊ शकतो का? आणि प्रॉक्सीचा हक्क असा परस्पर काढून घेता येतो का?

नाना_फडताळ
अजिबात काढून घेता येत नाही. कंपनी कायद्याचं कलम १०५ वाच. सभेला जाऊ न शकणाऱ्या सभासदाला प्रॉक्सी नेमायचा हक्क आहे आणि प्रॉक्सी स्वतः सभासद असलाच पाहिजे असंही नाही. फॉर्म एमजीटी-११ नेटवर मिळतो. भर, आईची सही घे, सभेच्या ४८ तास आधी कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयात पोचव आणि पोच घे. मग तू सभेत जाऊन बोल, हात वर कर, काय हवं ते कर. मी कित्येक वर्षं हेच केलंय.

कोरी_पाटी
टपाली मतदानाचा फॉर्म बीएलओ घरी आणून देतात ना ज्येष्ठांना? आमच्या आजींना दिला होता.

ओंकार_दुपारचा
@कोरी_पाटी तो विधानसभा-लोकसभेचा हो. हा कंपनीच्या सभेचा विषय आहे. :)

कोरी_पाटी
अरेरे. शीर्षकातलं 'मत' एवढंच वाचलं. चालू द्या, वाचतेय.

सही_शिक्का
नाना, कलम बरोबर सांगितलंत, पुढचं अर्धंच बरोबर आहे.

मी कंपनी सेक्रेटरी आहे. स्क्रूटिनायझर म्हणून मतं मोजायचं काम दरवर्षी करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रॉक्सी सभेत बोलू शकत नाही. हात वर करून होणाऱ्या मतदानातही त्याला मत नसतं. पोल मागितला गेला, म्हणजे शेअर्सच्या संख्येनुसार मतं मोजायची ठरली, तरच त्याचा उपयोग. ज्या कंपनीत ई-व्होटिंग आहे तिथे हात वर करणं हा प्रकारच उरलेला नाही. लिस्टेड कंपन्यांना आणि हजार किंवा जास्त सभासद असलेल्या कंपन्यांना ई-व्होटिंग द्यावंच लागतं, काही मोजके अपवाद सोडले तर.

आता फॉर्म का नाही ते. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत, कोविडमध्ये, कंपनी व्यवहार मंत्रालयाने परिपत्रकं काढून व्हिडिओवर सभा घ्यायला परवानगी दिली. त्यांतलं तर्कशास्त्र असं: सभेला प्रत्यक्ष हजर राहायचंच नाही, प्रत्येक सभासद आपल्या घरून जोडला जाऊ शकतो, तर त्याच्या जागी दुसरा माणूस पाठवायची गरज नाही. म्हणून व्हिडिओ सभेत प्रॉक्सी नाही. ती मुभा पुढे वाढत वाढत आजही चालू आहे. कंपनीने प्रत्यक्ष सभागृहात सभा बोलावली असती तर नोटिशीसोबत फॉर्म आलाच असता. ओंकार, तुझ्या बाबतीत एमजीटी-११ भरून पाठवलास तर तो फायलीला लागेल, मोजणीत येणार नाही.

नाना_फडताळ
मग मी इतकी वर्षं सभेत बोलत होतो ते?

सही_शिक्का
तुमच्या स्वतःच्या नावावर एखादा शेअर असणार त्या कंपनीत. तसं असेल तर तुम्ही सभासद म्हणून बोललात, प्रॉक्सी म्हणून नाही.

नाना_फडताळ
होते. पाच. बरं, ते राहू दे.

रिकामा_डबा
पाच शेअर्सवर नानांनी अध्यक्षांना घाम फोडला असणार, शंका नाही.

ओंकार_दुपारचा
धन्यवाद @सही_शिक्का. मग आईने मत द्यायचं कसं? सूचनांमध्ये कट-ऑफ तारीख ११ आहे, मतदान १५ ला सकाळी ९ पासून १७ ला संध्याकाळी ५ पर्यंत. एवढ्या तारखा कशाला?

सही_शिक्का
तारखा दिसतात तेवढ्या अवघड नाहीत. ११ तारखेला दिवसअखेर ज्याच्या खात्यात शेअर्स आहेत त्यालाच मत, आणि त्या दिवशी जितके शेअर्स तितकी मतं. ही तारीख सभेच्या सात दिवसांहून आधीची ठेवता येत नाही. दूरस्थ मतदान किमान तीन दिवस खुलं ठेवावं लागतं आणि ते सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ५ वाजता बंद होतं. पाच म्हणजे पाच. ५ वाजून २ मिनिटांनी लॉगिन करून 'बटणच दिसत नाही' असे फोन आम्हाला दरवर्षी येतात.

आईचं खातं वैयक्तिक आहे, त्यामुळे वेगळा पासवर्ड मागवायची गरज नाही. सेबीने डिसेंबर २०२० मध्ये डिमॅटमधूनच लॉगिन करायची सोय करायला लावली. खातं एनएसडीएलकडे असेल तर आयडियाज, सीडीएसएलकडे असेल तर ईझी, नाहीतर तुमच्या ब्रोकरच्या साइटवरून. ओटीपी खात्याला जोडलेल्या मोबाइलवर आणि ईमेलवर येतो. तो नंबर कोणाचा आहे ते आजच बघ. वर्षानुवर्षं बंद पडलेला नंबर खात्याला तसाच राहिलेला असतो, आणि तो बदलायला ब्रोकरकडे अर्ज करावा लागतो. १७ तारखेच्या दुपारी ते होणार नाही.

आत गेल्यावर कंपनीच्या नावासमोर एक क्रमांक दिसेल, EVEN किंवा EVSN. तो नोटिशीतल्या क्रमांकाशी जुळवून बघा. कंपनीची सभा आणि टपाली मतदान एकाच सुमारास चालू असेल तर दोन क्रमांक दिसतात आणि लोक भलत्याच ठरावावर मत देऊन मोकळे होतात. मग प्रत्येक ठरावापुढे बाजूने किंवा विरोधात. शेवटी दोन पायऱ्या असतात: आधी Submit, मग Confirm. पहिलं बटण दाबून लोक खिडकी बंद करतात आणि मत दिलं असं समजतात. मत नोंदल्याचा संदेश पडद्यावर आला तरच झालं. त्याचं चित्र काढून ठेवा. आणि एकदा Confirm केलं की बदल नाही.

मुक्काम_पोस्ट
टपाली मतदानावरून आठवलं. मी एका रजिस्ट्रारच्या ऑफिसात होतो, शेअर्सचा हिशोब ठेवणाऱ्या. सर्वसाधारण सभा न घेता पोस्टाने ठराव मंजूर करायची सोय कायद्यात २००० च्या दुरुस्तीने आली. तेव्हापासून पोत्याने लिफाफे यायचे. परतीचं टपाल कंपनीच्या खर्चाने, त्यामुळे सभासदाला तिकीटही लावायचं नसे.

त्या लिफाफ्यांमधून काय काय निघायचं! बाजूने आणि विरोधात, दोन्ही चौकटींत खूण. नुसतीच खूण, सही नाही. सही मुलाची, नाव वडिलांचं. शेअर्स ३००, मतपत्रिकेवर लिहिलेले ३०००. एकाने मत दिलंच नव्हतं, मागच्या कोऱ्या बाजूवर लाभांश मिळाला नाही म्हणून दोन पानी पत्र लिहिलं होतं. सगळ्यात वाईट वाटायचं ते उशिरा आलेल्यांचं. नोटीस पाठवल्यापासून ३० दिवसांच्या आत पोचलं नाही तर ते उत्तर आलंच नाही असं धरायचं. पोस्टाचा शिक्का आधीचा असला तरी नाही. खेड्यातल्या लोकांना नोटीसच वीस दिवसांनी मिळायची.

सही जुळवणं हे तर अर्धं आयुष्य. तीस वर्षांपूर्वीची नमुना सही आणि आत्ताचा थरथरता हात. आम्ही शक्यतो समजून घ्यायचो, पण दर वेळी नाही.

जाई_जुई
पण ओंकार आईच्या ऐवजी बटण दाबतोय, ते चालतं का? टपालात मुलाची सही बाद, मग इथे मुलाचं बोट कसं चालतं?

सही_शिक्का
चांगला प्रश्न. टपाली मतदानात प्रॉक्सी कधीच चालत नव्हता, सभासदाने स्वतःच सही करायची. ई-व्होटिंगमध्ये यंत्रणेला फक्त खातं आणि ओटीपी दिसतो, बोट कोणाचं ते दिसत नाही. आई शेजारी बसून सांगतेय आणि ओंकार दाबतोय, तर मत आईचंच आहे. तिला न विचारता दाबलं तर आमच्याकडे ते पकडायचं साधन नाही. उणीव आहे ही, नाकारत नाही.

दुसरं नाव ओंकारचं असल्याने एक गोष्ट सांगते. संयुक्त धारकांमध्ये नावांच्या क्रमाने वरचा जो धारक मत देतो त्याचं मत धरतात. दोघांची दोन मतं होत नाहीत आणि ६०० चे ३००-३०० असे वाटेही आपोआप होत नाहीत.

रिकामा_डबा
म्हणजे आई विरोधात आणि मुलगा बाजूने असेल तर आईचं खरं. कंपनी कायद्यात पहिल्यांदाच काहीतरी घरातल्यासारखं सापडलं.

सही_शिक्का
:) वाटे करायचेच असतील तर मात्र करता येतात. पोलमध्ये सभासदाने सगळी मतं वापरलीच पाहिजेत किंवा एकाच बाजूला दिली पाहिजेत असं नाही. मत देताना पडद्यावर शेअर्सची संख्या बदलता येते. ४०० विरोधात, २०० बाजूने, असं.

वादे_वादे
सगळे सोयीचं कौतुक करताय, मी थोडा विरोधी सूर लावतो.

प्रॉक्सी गेला त्यात काय हरवलं ते बघा. सभागृहात प्रश्न विचारले जायचे, अध्यक्षांची उत्तरं ऐकू यायची, आणि मग तुमचा विश्वासातला माणूस पोलमध्ये मत द्यायचा. ऐकून, मग मत. आता दूरस्थ मतदान १७ ला संध्याकाळी बंद. चर्चा १८ ला सकाळी. बहुतेक मतं चर्चेच्या आधीच पडलेली. मग सभेत बोलायचं कोणासाठी?

हा माझा एकट्याचा कांगावा नाही. २०१४ मध्ये गोदरेज इंडस्ट्रीजच्या विलीनीकरणाच्या प्रकरणात हाच मुद्दा मुंबई उच्च न्यायालयापुढे आला होता. कोर्टाच्या आदेशाने बोलवायची सभा रद्द करून फक्त टपाली आणि इलेक्ट्रॉनिक मतदान घ्यावं का, असा प्रश्न होता. भागधारकाला नुसतं मत नसतं, प्रश्न विचारायचा आणि दुसऱ्यांचं मन वळवायचाही हक्क असतो, म्हणून सभाच गुंडाळता येणार नाही, असा न्यायालयाचा कल होता.

नाना_फडताळ
टाळ्या! हेच म्हणत होतो मी.

मुक्काम_पोस्ट
वादे_वादे, प्रॉक्सीचं चित्र जरा जास्तच सोज्वळ रंगवताय. आमच्याकडे यायचे ते प्रॉक्सी फॉर्म गठ्ठ्याने यायचे, कंपनीच्याच माणसांनी गोळा केलेले. सह्या खऱ्या, पण प्रॉक्सीचं नाव कोरं, ते नंतर ऑफिसात भरलं जायचं. म्हणून तर नव्या नियमांत मर्यादा आली: एक माणूस जास्तीत जास्त ५० सभासदांचा प्रॉक्सी, आणि त्या सगळ्यांचे मिळून १० टक्क्यांहून जास्त शेअर्स नकोत. विश्वासातला माणूस पाठवणारे होते, नाही असं नाही. संख्येने फार थोडे.

सही_शिक्का
दोघांचंही खरं आहे. मधला एक रस्ता आहे, फारसा कोणी वापरत नाही. आधीच्या तीन दिवसांत मत देऊ नका. व्हिडिओ सभेला जोडून बसा, उत्तरं ऐका, आणि सभेतल्या ई-व्होटिंगमध्ये मत द्या. सभा संपल्यावरही ती खिडकी थोडा वेळ उघडी ठेवतात, किती ते नोटिशीत असतं. उलट बाजूने, आधी मत दिलेला सभासद सभा बघू शकतो, बोलायला नाव नोंदवलं असेल तर बोलूही शकतो, पण पुन्हा मत नाही.

धोका उघड आहे. ऐन वेळी नेट गेलं तर मतही गेलं.

वादे_वादे
म्हणजे ऐकायचं असेल तर नशिबावर हवाला. माझा मुद्दा तिथेच राहतो.

जाई_जुई
पण ६०० शेअर्सने फरक पडतो का हो? प्रवर्तकांकडे निम्मे असतात.

सही_शिक्का
विशेष ठरावात पडू शकतो, आणि कारण मोजणीत आहे. बाजूची मतं विरोधी मतांच्या किमान तिप्पट लागतात. मोजायची ती फक्त पडलेली मतं. ज्यांनी दिलंच नाही ते कुठल्याच बाजूला नाहीत.

समजा कंपनीचे १० लाख शेअर्स आहेत. मतं पडली ६ लाख. ४ लाख ४० हजार बाजूने, १ लाख ६० हजार विरोधात. साध्या ठरावाला हे भरघोस बहुमत. विशेष ठरावात १ लाख ६० हजारांचे तिप्पट म्हणजे ४ लाख ८० हजार हवेत. ठराव पडला. बाकीचे ४ लाख घरी बसले, त्यांचा कौल कोणालाच कळला नाही. एकूण शेअर्सच्या फक्त १६ टक्क्यांनी ठराव अडवला.

हे कागदावरचं उदाहरण नाही. २०१४ च्या जुलैत टाटा मोटर्सचे कार्यकारी संचालकांच्या मानधनाचे विशेष ठराव असेच ७५ टक्क्यांच्या खाली राहून पडले होते, आणि ते मतदान टपालीच होतं. २०२१ मध्ये आयशर मोटर्सचाही व्यवस्थापकीय संचालकांच्या फेरनियुक्तीचा ठराव तसाच अडला. दोन्हीकडे वजन संस्थांचं होतं, किरकोळ भागधारकांचं नव्हे. तरी काठावरच्या मोजणीत ६०० जणांचे ६००-६०० शेअर्स दिसतात.

गुप्तहेर_काका
एक भाबडी शंका. विरोधात मत दिलं ते कंपनीला कळतं का? भाचा त्याच कंपनीत नोकरीला आहे.

सही_शिक्का
मतदान चालू असताना नाही. दूरस्थ मतदान बंद झाल्यावरही मत कोणी दिलं एवढंच मला दिसतं, काय दिलं ते नाही. सभा संपली की आधी सभेतली मतं मोजायची, मग कंपनीच्या नोकरीत नसलेल्या दोन साक्षीदारांसमोर दूरस्थ मतं उघडायची. इथपर्यंत कोणालाच काही कळत नाही.

पण हे निवडणुकीसारखं गुप्त मतदान नाही. मी जी नोंदवही ठेवते तिच्यात नाव, शेअर्स आणि बाजूने की विरोधात, सगळं असतं, आणि इतिवृत्तावर सही झाल्यावर ती कंपनीच्या ताब्यात जाते. ती कोणी उघडून भाच्याचं आडनाव शोधत बसेल असं वाटत नाही. शक्य मात्र आहे.

गुप्तहेर_काका
हे कुठल्याच नोटिशीत ठळक लिहीत नाहीत. मी तटस्थ राहतो.

वादे_वादे
बघा. आणि आपण सहभाग कमी का, यावर चर्चा करतो.

ओंकार_दुपारचा
सगळ्यांचे आभार. खात्याला माझाच नंबर आहे, ओटीपी येतो, तपासला. आईला विचारलं की आधी देतेस की सभा ऐकून. म्हणाली, "ते काय सांगणार ते मला माहितीये," तेव्हा १५ लाच सकाळी उरकू.

एक नवीन भानगड. तिला पैशांची गरज आहे म्हणून २०० शेअर्स ११ तारखेलाच विकायचे म्हणतेय. मग मतं ४०० ची की ६०० ची?

सही_शिक्का
११ ला विकले तर खात्यातून जातील पुढच्या कामकाजाच्या दिवशी, म्हणजे १२ ला. ११ च्या दिवसअखेर ६०० च दिसतील, मतं ६०० ची. १० ला विकले असते तर ४०० ची. ज्याने ते २०० घेतले तो आता मालक, पण या सभेत त्याला त्यांचं मत नाही.

नाना_फडताळ
म्हणजे ज्याचा आता कंपनीशी संबंध नाही तो मत देणार आणि ज्याचे पैसे अडकलेत तो बघत बसणार. वा.

सही_शिक्का
रेषा कुठेतरी ओढावीच लागते, नाना. सात दिवसांची आहे, पूर्वीपेक्षा बरीच जवळ आली.

पारिजात_७
उशिरा आले धाग्यावर. माझा प्रश्न वेगळा आहे. वडिलांचे कागदी शेअर्स आहेत, ते गेले त्याला बरीच वर्षं झाली. नॉमिनी मी. नोटीस अजून त्यांच्याच नावाने येते. फोलिओ नंबर आहे, त्यावरून पासवर्ड मागवून मत देऊ का?

सही_शिक्का
देऊ नका. नॉमिनी असणं म्हणजे सभासद असणं नाही. आधी ट्रान्समिशन करून शेअर्स तुमच्या नावावर घ्या, तोवर मताचा हक्क नाही. आणि एक तातडीने तपासा: लाभांश सलग सात वर्षं उचललेला नसेल तर शेअर्स सरकारच्या आयईपीएफ निधीकडे वर्ग होतात. तिथे गेले की त्यांचा मतहक्क गोठतो, तुम्ही दावा करून परत मिळवेपर्यंत. नोटीस अजून येतेय हे त्यातल्या त्यात बरं लक्षण, पण नुसत्या त्यावर विसंबू नका.

पारिजात_७
लाभांशाचे वॉरंट घरी येऊन पडलेत, वटवलेले नाहीत. मोजावे लागतील.

मुक्काम_पोस्ट
मोजा, पण फाडू नका. फोलिओ नंबर आणि जुना पत्ता त्यांवरूनच जुळतो. रजिस्ट्रारला पत्र टाकताना झेरॉक्स जोडा, मूळ कागद घरीच ठेवा.